पाथर्डी फाटा, बी विंग, सातवा मजला, फ्लॅट ७०२: चला, घर बघूया

नमस्कार मंडळी. मी या साइटवर पहिल्या स्लॅबपासून आहे, त्यामुळे आज ब्रोशरमधलं काही वाचून दाखवणार नाहीये, सरळ घर दाखवते. हातात ही मोजायची टेप आहे, ती शेवटपर्यंत हातातच राहणारे. आपण आहोत नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ, बी विंगच्या सातव्या मजल्यावर, आणि हा टू बीएचके. रेडी आहे, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय, म्हणून यावर जीएसटी लागत नाही.

दार उघडायच्या आधी जरा खाली बघा. उंबरा. ग्रॅनाइटचा, अखंड एका तुकड्यातला, कारण दोन तुकडे जोडले की दोन वर्षांत मधली फट काळी पडते आणि रांगोळी काढताना रोज तीच दिसते. दार पूर्वेला आहे. सकाळचं ऊन जिन्याच्या खिडकीतून थेट इथपर्यंत येतं, आत्ता साडेआठ वाजलेत आणि बघा ना, उंबऱ्यावर पडलंय.

आत या. चपला इथेच डाव्या हाताला, पाच बाय पाचची ही छोटी जागा त्यासाठीच सोडलीय, म्हणजे पावसाळ्यात ओल्या छत्र्या हॉलमध्ये जात नाहीत. आता उजवीकडे वळून कोपऱ्यात बघा. हा ईशान्य कोपरा, इथे देवघराची जागा आहे. भिंतीतच दोन फुटांचा कोनाडा, खाली ग्रॅनाइटची फळी, वर लाइटचा पॉइंट, खाली काडेपेटी-वाती ठेवायला ड्रॉवर. पहिल्या प्लॅनमध्ये इथे शू रॅक होता! मी हट्ट धरून बदलून घेतला, बरं झालं.

आता नजर सरळ समोर न्या, हॉलच्या पार टोकापर्यंत, त्या काचेच्या दारातून बाहेर. तो डोंगर दिसतोय? तीच आपली पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगर, दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत तिथे, चोवीस. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक. इथल्या लोकांना हा डोंगर रोजचाच, पण श्रावणात हिरवा झाला की चहाचा कप हातातच राहतो, बघतच राहावंसं वाटतं.

हॉलमध्ये परत या. रुंदी अकरा फूट, लांबी साडेसतरा. उजव्या भिंतीला सोफा, समोरच्या भिंतीला टीव्ही, सोफा तीन फूट खाणार म्हणजे मध्ये आठ फूट मोकळे राहतात. आता खरी परीक्षा सांगते. पाहुणे आले, लग्नघर आहे, नाहीतर २०२७ च्या सिंहस्थाला गावाकडची सगळी मंडळी तुमच्याकडेच उतरणार हे ठरलेलंच, तर सोफा न हलवता इथे तीन फुटी पाच गाद्या शेजारी शेजारी पडतात आणि पायाशी जायला वाट पण राहते. आम्ही टाकून बघितल्यात, अंदाजे नाही सांगत.

डावीकडे डायनिंगची जागा, चार खुर्च्यांचं टेबल. आणि त्याच्या मागे किचन.

किचनपाशी मी जरा जास्त वेळ थांबणारे, घरातला दिवस इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. साडेआठ बाय दहा. ओटा पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला आणि डोळ्यांसमोर खिडकी, समोर भिंत नाही. ओट्याची उंची चौतीस इंच. आता कॅमेरा खाली, अजून खाली, ओट्याच्या कडेच्या आतल्या बाजूला. ही बारीक खाच दिसते का? बोट फिरवते, बघा. सिंकमधून पाणी उडालं, ओटा पुसताना पाणी ओघळलं, तर ते या खाचेपाशी थांबून खाली टपकतं, ट्रॉलीत शिरत नाही. ही खाच नसली की तीन-चार वर्षांत ट्रॉलीच्या फळ्या फुगतात, दरवाजे अडकायला लागतात, मग सुतार, मग खर्च. कारागिराला एका ओट्यामागे फारतर अर्धा तास जास्त लागतो.

सिंकच्या बाजूला मोकळी जागा ठेवलीय माठासाठी, वॉटर प्युरिफायरचा पॉइंट त्याच्या वर. मिक्सरचा पॉइंट वेगळा, फ्रिजचा वेगळा, एकाच बोर्डवर सगळं लोंबकळत नाही. वर बघा, माळा पूर्ण रुंदीचा आहे, वर्षाचं धान्य, मोठी पातेली, कुकरचे खोके, सगळं बसतं. पाइप गॅससाठी लाइन आत टाकून ठेवलीय.

किचनमधून हे दार ड्राय बाल्कनीत. चार बाय सात. वॉशिंग मशीनचा नळ आणि आउटलेट या कोपऱ्यात, आणि इथे खाली बसून भांडी घासायची जागा, कट्ट्यासकट, कारण आपल्याकडे मावशी येतात आणि त्यांना सिंकमध्ये वाकून मोठी कढई घासता येत नाही. हा उतार बघा, बादलीभर पाणी ओतते... गेलं. कुठेही थांबलं नाही.

चला, परत हॉलमधून बाल्कनीत जाऊ. दार सरकवते, तीन ट्रॅकचं आहे, दोन काचेचे आणि एक मच्छरदाणीचं. बाल्कनी अकरा फूट लांब, पाच फूट रुंद. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, नंतर कळण्यापेक्षा बरं. ही बाजू पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी उशिरा ऊन तिरपं होतं आणि आत येतं, वरच्या स्लॅबची सावली तेव्हा पुरत नाही. म्हणून इथे वर हुक बसवून ठेवलेत, बांबूची चीक टाका, काम होतं. संध्याकाळी मात्र इथे जो वारा येतो ना, त्यासाठी लोक पांडवलेणीच्या पायऱ्या चढून जातात. पावसाचा मारा पण याच बाजूने असतो, म्हणून हा खालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता केलाय आणि बाल्कनीची लादी हॉलपेक्षा खाली घेतलीय, पाणी आत येत नाही.

आता आत येऊन उजवीकडे, पॅसेज. चार फूट रुंद आहे, कपाट उचलून नेताना दोन माणसं अडकत नाहीत. अंधार नाहीये हेही बघून घ्या, दिवसा लाइट न लावता चालतंय.

पहिलं दार कॉमन टॉयलेटचं. लवकर बघून घेऊ. टाइल्स दाराच्या उंचीपर्यंत, खाली घसरत नाही अशी लादी, गिझरचा पॉइंट, वर छोटी खिडकी थेट बाहेर उघडणारी. टाइल्स लावायच्या आधी दोन दिवस पाणी साठवून ठेवलं होतं आणि खालच्या फ्लॅटच्या छताला हात लावून बघितला होता, प्रत्येक बाथरूमला, या बिल्डिंगमधल्या सगळ्या. एका ठिकाणी ओल आली, ते सगळं उकरून परत केलं. चार दिवस गेले, जाऊ देत.

समोर दुसरं बेडरूम, दहा बाय बारा. मुलांचं म्हणा, आईबाबांचं म्हणा. आईबाबांचं असेल तर ही गोष्ट बघा, बेडवर हात टाकला की पोचेल इथे स्विच आहे, आणि तोच दिवा दारापाशीही चालू-बंद होतो, म्हणजे रात्री उठल्यावर अंधारात चाचपडत जायला नको. कॉमन टॉयलेट इथून चार पावलांवर. खिडकी दक्षिणेला, टेबल तिच्या डाव्या बाजूला लावा, अभ्यासाला उजेड नीट पडतो.

आणि हे मास्टर बेडरूम. अकरा बाय तेरा, नैर्ऋत्येला. बेड दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवा, सहा फुटी बेड धरला तरी दोन्ही बाजूला अडीच-अडीच फूट राहतात, म्हणजे चादर बदलताना बेडवर चढावं लागत नाही. समोरच्या भिंतीला दोन फूट खोल वॉर्डरोब केला तरी मध्ये साडेचार फूट मोकळे. डावीकडे खिडकी बघा... हो, तोच डोंगर, सकाळी उठल्या उठल्या.

भिंतीवर टकटक करून दाखवते. हा आवाज एएसी ब्लॉकचा, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांच्या हलक्या सिमेंट ब्लॉकचा. बाहेरच्या भिंती सहा इंची, आतल्या चार इंची. या ब्लॉकने घर कमी तापतं, पण एक लक्षात ठेवा, साधा खिळा ठोकून फोटो टांगू नका, ढिला होऊन निघतो. ड्रिल करून ब्लॉकसाठीचा प्लग वापरायचा. चावी देताना आम्ही प्रत्येक घराला एक पाकीट देतोच.

आता टेपचं शेवटचं काम. या फ्लॅटचा रेरा कार्पेट ७१२ चौरस फूट आहे. तुम्ही खोली-खोली मोजून बेरीज केलीत तर ६७७ च्या आसपास भरेल आणि तुम्ही म्हणाल, पस्तीस फूट गेले कुठे? ते आतल्या भिंतींच्या खाली आहेत. रेरा कायद्यात आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. आपल्या दोन्ही बाल्कनी मिळून ८३ फूट होतात, त्या या ७१२ मध्ये नाहीत. कुठेही घर बघायला गेलात तरी हा हिशोब विचारा, जिना-लिफ्टचा वाटा धरलेला सुपर बिल्टअपचा आकडा ऐकून घर घेऊ नका, ज्या फरशीवर पाय ठेवणार तिचेच पैसे मोजा. आमच्या बोर्डवर महारेराचा क्यूआर कोड आहे, स्कॅन केलात की मंजूर प्लॅन, कागदपत्रं सगळं समोर येतं.

किंमत बासष्ट लाख, एक कव्हर्ड पार्किंग धरून. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. घर फक्त बाईच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, बासष्ट लाखांवर बासष्ट हजार होतात, घरी बसून बोलून ठेवा. बुकिंगला करारनामा नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम आम्ही घेत नाही, कायदाच तसा आहे. आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणं आमच्यावर बंधनकारक आहे.

साइट ऑफिस सकाळी दहा ते संध्याकाळी सात उघडं असतं, मंगळवारी सुट्टी. जमलं तर दोनदा या, एकदा सकाळी आणि एकदा मेमधल्या दुपारी चार वाजता, ऊन कुठपर्यंत येतं ते स्वतः बघा. घरातल्या मोठ्यांना आणा, जी किचनमध्ये उभी राहणारे तिला आणा, ओट्यापाशी पाच मिनिटं उभं राहू दे. टेप विसरलात तर माझी आहे.