येणेबाकीचे कबुलीपत्र

सांगली, दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
श्री. महावीर आण्णासो चौगुले,
हळद अडत दुकान, मार्केट यार्ड, सांगली

यांसी,
लिहून देणार दत्तात्रय शंकर माळी, धंदा हळद व मिरची पावडर गिरणी, रा. कुपवाड, ता. मिरज, जि. सांगली.

महावीरशेठ, स. न. वि. वि.

आपल्या दुकानातून मी गिरणीसाठी उधारीवर राजापुरी हळद उचलली. त्याच्या बाकीबद्दल हे पत्र स्वखुशीने लिहून देत आहे. गिरणी माझ्या एकट्याच्या मालकीची असून तीत कोणी भागीदार नाही. म्हणून हे देणे माझे व्यक्तिशः आहे.

माल तीन वेळा उचलला. दि. १२ मार्च २०२४ च्या बिल क्र. ११८७ ने ४० पोती, रु. ३,२५,५००, दि. १६ एप्रिल २०२४ च्या बिल क्र. ४३ ने ३० पोती, रु. २,५५,१५०; आणि दि. २१ मे २०२४ च्या बिल क्र. २०६ ने २० पोती, रु. १,६५,९००. पोते ५० किलोचे. हमाली, तोलाई व जीएसटी धरून तिन्ही बिले रु. ७,४६,५५० ची होतात. माल माझ्या गिरणीत पोहोचला, वजन बरोबर भरले आणि पोहोच पावत्यांवर माझ्याच सह्या आहेत.

दुसऱ्या बिलातील ३ पोती ओलसर निघाली होती. तळाच्या गाठ्यांना बुरशी होती. आपण दुकानातल्या माणसाला पाठवून ती पाहिलीत आणि रु. २४,००० वजावट दिलीत. तो विषय तिथेच मिटला. मालाच्या प्रतीबद्दल, भावाबद्दल किंवा वजनाबद्दल माझी आता कसलीही तक्रार नाही व पुढेही मी काढणार नाही.

मी आजवर दिलेली रक्कम अशी: दि. २८ जून २०२४ रोजी बँकेतून रु. १,५०,०००, दि. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी धनादेशाने रु. ७५,००० व दि. २८ जानेवारी २०२५ रोजी यूपीआयने रु. १५,०००. एकूण रु. २,४०,०००. याखेरीज हातउसने, रोख किंवा मालाच्या रूपाने काहीही दिलेले नाही. वजावट व भरणा वगळून मुद्दल बाकी रु. ४,८२,५५० राहते. आपल्या खतावणीचा उतारा मी माझ्या वहीशी ताडून पाहिला, दोन्ही जुळतात.

व्याज रुपया शेकडा दरमहा असे आपले बोलणे झाले आहे. दि. १ फेब्रुवारी २०२५ ते ३१ जानेवारी २०२६ या बारा महिन्यांचे सरळ व्याज रु. ५७,९०६ होते. त्याआधीचे व्याज आपण सोडलेत, त्याबद्दल आभारी आहे. म्हणजे आज मी आपले रु. ५,४०,४५६ (अक्षरी रुपये पाच लाख चाळीस हजार चारशे छप्पन्न फक्त) देणे लागतो, हे मला मान्य व कबूल आहे.

पावडर नेणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे माझे पैसे अडकले, हे आपणास ठाऊक आहे. पण ते माझे आणि त्याचे. तिकडून वसुली होवो वा न होवो, आपले हप्ते त्यावर अवलंबून राहणार नाहीत.

परतफेड अशी करीन. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दि. २० मार्च २०२६ रोजी, रु. ९०,४५६. त्यानंतर एप्रिल ते डिसेंबर २०२६ दरमहा १० तारखेस रु. ५०,००० प्रमाणे नऊ हप्ते, रु. ४,५०,०००. पहिल्या रकमेचा त्याच तारखेचा धनादेश क्र. ०००२१४ सोबत देत आहे. बाकीचे हप्ते आपल्या चालू खात्यावर बँकेतूनच भरीन. रोखीने देणार नाही, म्हणजे कोणी किती दिले याचा घोळ राहणार नाही. प्रत्येक भरण्याची पावती मला द्यावी.

हप्ते वेळेवर गेले तर १ फेब्रुवारी २०२६ पासून पुढचे व्याज घ्यायचे नाही, असे ठरले आहे. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होईल. तीवर पहिला हप्ता चुकल्याच्या तारखेपासून रुपया शेकडा दराने व्याज लागेल आणि आपणास कोर्टात दावा लावण्याची मोकळीक राहील. एखादा हप्ता आठवडाभर पुढे न्यायचा झाला तर मी आधी दुकानात येऊन सांगेन, फोन बंद ठेवून बसणार नाही.

पहिल्या बिलालाही अजून तीन वर्षे झालेली नाहीत. मुदतीच्या कायद्याच्या (१९६३) कलम १८ प्रमाणे या कबुलीमुळे आजपासून नव्याने मुदत मोजली जाईल, हे मला माहीत आहे व तेवढ्यासाठीही हे पत्र दिले आहे.

पत्र वाचून, समजून, कोणाच्या दडपणाखाली नसताना सही केली. मूळ प्रत आपणाकडे, दुसरी माझ्याकडे.

लिहून देणार
(सही) दत्तात्रय शंकर माळी

वरील हिशेब व हप्ते मान्य. धनादेश क्र. ०००२१४ मिळाला.
(सही) महावीर आण्णासो चौगुले

साक्षीदार
१. (सही) सुनील रामचंद्र जाधव, रा. मिरज
२. (सही) राजेंद्र भाऊसो मगदूम, रा. सांगली

सोबत: तिन्ही बिलांच्या प्रती, खातेउतारा, धनादेश