विषय: कांदा साठवणुकीवरील मुलाखत – वेळ, विषय आणि रेकॉर्डिंगबाबत आमचं म्हणणं

सोमवार, 11 ऑगस्ट 2025

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला शनिवारचा मेल आणि सोबतचे सात प्रश्न मिळाले. चाळीतला कांदा का सडतो आणि त्यात पैसा कुठे जातो, यावर मालिका करताय हे वाचून बरं वाटलं. भाव वर गेला की कॅमेरे येतात आणि पडला की येतात. चाळ भरल्यापासून ती उघडेपर्यंतचे चार-पाच महिने मात्र सहसा कुणी विचारत नाही. म्हणून मुलाखत द्यायचीच, असं संचालक मंडळानं ठरवलंय. कंपनीच्या वतीनं मी बोलेन. आपण मागितलेल्या काही गोष्टी मात्र तशाच मान्य करता येत नाहीत. त्या कोणत्या, का, आणि त्याऐवजी काय करता येईल ते लिहितो.

आपण बुधवारी 13 तारखेला सकाळी साडेदहाला लासलगावच्या बाजार आवारात भेटू म्हणालात. त्या वेळी लिलाव चालू असतो. सभासदांच्या ट्रॉल्या रांगेत असतात, पुकार सुरू असतो आणि आमच्या माणसाला प्रत्येक वाहनाजवळ उभं राहावं लागतं. तिथे धड बोलणं होणार नाही, आणि मागच्या गोंगाटात आपल्या माइकला आवाजही नीट मिळणार नाही. शिवाय आवारात कॅमेरा लावायचा तर बाजार समितीच्या सचिवांना आधी विचारावं लागेल. ती परवानगी आमच्या हातात नाही.

त्याऐवजी रविवार, 17 ऑगस्ट, सकाळी साडेआठ ते दहा ही वेळ सुचवतो. लिलाव बंद असतो, कुणाला घाई नसते. साडेआठ ते सव्वानऊ ऑफिसात बसून बोलू, मग चाळीवर जाऊ. हा क्रम मुद्दाम ठेवलाय. चाळीला पत्रा आहे, आणि या दिवसांत एक सर आली तरी पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा बोलणं आत, चित्रीकरण चाळीत. चित्रीकरणाला सकाळच बरी, कारण दुपारनंतर ढग आले की चाळीच्या आत काळोख होतो आणि सडका कांदा आणि चांगला कांदा कॅमेऱ्यात सारखाच दिसतो. शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा आहे. पाऊस झाला असेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच लावा, आम्ही ट्रॅक्टर पाठवू.

रविवार जमत नसेल तर गुरुवारी 14 तारखेला संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, फक्त ऑफिसात. दोन्ही जमत नसेल तर रात्री आठनंतर अर्धा तास फोनवर. साधा फोन लावा, गावात व्हॉट्सॲप कॉलवर आवाज तुटतो आणि "चौदाशे" चं "चोवीसशे" ऐकू येतं. पोळ्याच्या आसपासचे दोन दिवस कृपया नकोत.

आता प्रश्नांबद्दल. पहिला आणि दुसरा, म्हणजे चाळीतली घट आणि उत्पादन खर्च, यांवर हवं तितकं बोलेन. खरी मुलाखत तीच आहे, निम्म्याहून जास्त वेळ त्यासाठीच ठेवा. गेल्या हंगामाची चाळवार वही दाखवतो: भरतानाचं वजन, काढतानाचं वजन, किती कोंब आलेला, किती सडका, किती काजळी धरलेला. फोटो काढायला हरकत नाही. बातमीत एक हिशोब मात्र यायलाच हवा, म्हणून आधीच लिहितो. 100 क्विंटल भरले आणि 70 क्विंटल निघाले, तर भरताना मिळणाऱ्या 1,400 रुपयांच्या भावाशी नुसती बरोबरी करायलाही काढताना 2,000 चा भाव लागतो. निवडाईची मजुरी, गोण्या आणि पुन्हा भरून नेण्याचं भाडं यात धरलेलं नाही. "एप्रिलमध्ये 1,400, ऑगस्टमध्ये 2,000, म्हणजे साठवणाऱ्याला 600 सुटले" असं छापून येतं तेव्हा चूक इथे होते.

तिसरा प्रश्न, साठेबाजी कोण करतं. शेतकरी चाळीत का ठेवतो आणि कधी काढतो ते सांगेन. व्यापाऱ्यांच्या गोदामात काय आहे ते मी पाहिलेलं नाही, त्यावर माझं मत घेऊ नका. ते व्यापाऱ्यांनाच विचारा.

चौथा, सरकारी राखीव साठ्याची खरेदी. प्रक्रिया कशी चालते, प्रतवारीत माल कुठल्या कारणानं नाकारला जातो, किती मिलिमीटरखालचा कांदा बाजूला काढतात, हे सांगता येईल. आमच्या स्वतःच्या खरेदी कराराचे दर आणि अटी सांगता येणार नाहीत, करारात गोपनीयतेचं कलम आहे. ते कलम आहे, एवढं आमच्या नावानं लिहायला हरकत नाही. "उत्तर देणं टाळलं" असं लिहू नका, कारण ते खरं नाही.

पाचव्यात आपण तोट्यात विकलेल्या सभासदांची नावं मागितलीत. यादी देणार नाही. कर्ज, सोयरीक, भाऊबंदकी, नाव छापून आल्यावर गावात काय काय निघतं ते आपणही जाणता. बोलायला तयार आहोत असं दोन सभासदांनी स्वतःहून सांगितलंय, ते रविवारी येतील. त्यांची संमती त्यांनाच विचारा, माझा होकार त्यांचा समजू नका. हिशोबपट्टी दाखवायची असेल तर नाव, गाव, वाहन क्रमांक आणि खातं झाकून. आपल्याला पडताळणीसाठी मूळ पट्टी हातात देऊ, छापायला झाकलेली प्रत.

सहावा, शेतकरी कुणाला मतं देणार, हा प्रश्न वगळा. कंपनीत सगळ्या पक्षांचे सभासद आहेत.

सातव्यात एक दुरुस्ती. आपण "निर्यातबंदी कायम असताना" असं लिहिलंय. डिसेंबर 2023 मध्ये आलेली बंदी 4 मे 2024 ला उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही नाही. प्रश्न असा करा: बंदी आणि शुल्क दोन्ही गेल्यावरही भाव का उठला नाही? त्याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय.

प्रश्नांत नसलेली एक गोष्ट. आज आमच्याकडे किती माल शिल्लक आहे हे विचारू नका. तो आकडा बाहेर गेला की दुसऱ्या दिवशीच्या बोलीत दिसतो, आणि त्याची किंमत सभासद मोजतो. गेल्या हंगामाचे, विकून झालेल्या मालाचे सगळे आकडे खुले आहेत.

रेकॉर्डिंगला आमची हरकत नाही. उलट, रेकॉर्डिंगशिवाय मुलाखत नको, असं आम्हीच म्हणू. या विषयात शब्दापेक्षा आकडा जास्त चुकतो. कुणी किलोचा भाव विचारतं, कुणी क्विंटलचा ऐकतं, आणि वहीत घाईनं लिहिताना एक शून्य सुटतं. आमचं म्हणणं असं:

दोन्ही बाजूंनी ध्वनिमुद्रण होईल, आपल्या यंत्रावर आणि आमच्या मोबाइलवर. दोन्ही फोन फ्लाइट मोडवर ठेवू. मध्ये फोन आला की बऱ्याच मोबाइलवर मुद्रण तुटतं, आणि ते तुटल्याचं बोलणं संपल्यावरच कळतं. सुरुवातीला तारीख, ठिकाण, हजर असलेल्यांची नावं आणि ठरलेल्या अटी आपण मोठ्यानं बोलून घ्याव्यात, म्हणजे पुढे वेगळा कागद शोधावा लागणार नाही.

बोललेलं सगळं माझ्या नावानं छापण्यासाठी आहे. एखादी गोष्ट नुसती समजण्यासाठी सांगायची असेल तर ती सांगण्याआधी मी तसं म्हणेन, आपण "चालेल" म्हणाल, मगच दोन्ही यंत्रं थांबवू. ती माहिती नाव न देताही वापरायची नाही. पण आधी बोलून नंतर "हे छापू नका" असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तर ते मानण्याचं बंधन आपल्यावर नाही.

चित्रीकरण मान्य, थेट प्रक्षेपण नाही. थेट बोलताना तोंडून चुकीचा आकडा गेला तर तो परत घेता येत नाही. चाळीत निवडाई करणाऱ्या बायका आमच्या नोकर नाहीत, रोजंदारीवर येतात. त्यांचे चेहरे घ्यायचे तर प्रत्येकीला विचारा, आणि मुकादमाला विचारून भागवू नका. हातांचं आणि कांद्याचं चित्रीकरण खुशाल करा.

मजकूर आधी दाखवा अशी अट घालत नाही, लेखणी आपली आहे. फक्त माझ्या तोंडची थेट वाक्यं आणि सगळे आकडे प्रसिद्धीआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, व्हॉइस मेसेज नको. सकाळी सात ते रात्री नऊ या वेळात दोन तासांत उत्तर देईन. दोन तासांत आलं नाही तर रेकॉर्डिंगप्रमाणे छापा. मत बदलण्यासाठी ही सोय वापरणार नाही, फक्त चूक दुरुस्त करीन.

शेवटची अट रीलची. मोठ्या मुलाखतीतून अर्ध्या मिनिटाचे तुकडे निघतात हे माहीत आहे आणि मान्य आहे. पण घटीचा आकडा असलेल्या तुकड्यात तो किती महिन्यांनंतरचा आणि कोणत्या हंगामातल्या कांद्याचा हे राहू द्या. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, लाल कांदा टिकत नाही. हे वाक्य कापलं तर उरलेलं खोटं ठरतं. भाव सांगताना बाजार समितीच्या पत्रकातला सरासरी भाव घ्या. कमाल भाव एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला मिळालेला असतो. मूळ रेकॉर्डिंग या मालिकेपलीकडे कुठे वापरायचं असेल तर आधी विचारा.

यातलं काही आपल्या संपादकांच्या नियमात बसत नसेल तर मोकळेपणानं कळवा. रीलची आणि वेळेची अट बोलून बदलता येईल. सभासदांची नावं, शिल्लक माल आणि थेट प्रक्षेपण या तीन गोष्टींवर मात्र आम्ही ठाम आहोत. गुरुवारी दुपारी बारापर्यंत उत्तर आलं तर दोन्ही सभासदांना रविवारी थांबायला सांगतो. सोबत किती माणसं येतील आणि ट्रायपॉड, दिवे आणणार का तेही लिहा. चाळीवर वीज नाही, बॅटऱ्या भरून आणा.

आपला,
व्यवस्थापकीय संचालक
शेतकरी उत्पादक कंपनी, ता. निफाड, जि. नाशिक