केळी भाव प्रोजेक्ट: कोणाकडे काय, कोणत्या शनिवारी काय

मंडळी, सरांनी विषय पास केला. डेमो बुधवारी, ४ फेब्रुवारीला. म्हणजे हातात चार शनिवार. मागच्या सेमला शेवटच्या रात्री सगळं जोडायला बसलो आणि लॉगिनच चालेना, आठवतंय ना? या वेळी जो "हुई जाई" म्हणेल त्याच्याकडून सगळ्यांना शेवभाजी.

साइटचं काम एकच: केळीचा जाहीर भाव आणि शेतकऱ्याच्या पट्टीवरचा भाव शेजारीशेजारी दाखवायचा. सावद्याच्या मामांनी परवा पट्टी दाखवली, क्विंटलमागे २०० रुपये कमी. आपला प्रोजेक्ट तेवढ्या फरकापुरताच. हवामान, चॅट वगैरे नको.

*गौरी (डिझाइन):* फिग्मात तीनच स्क्रीन: आजचे भाव, पट्टी भरा, महिन्याचा आलेख. आधी मोबाइलची. मामा बागेत भर उन्हात फोन बघतात, तेव्हा फिकट करड्या रंगातली बारीक अक्षरं नकोत. बटणावर "सबमिट" नाही, "भाव नोंदवा".

*तुषार (बॅकएंड):* नोड आणि मायएसक्यूएल. टेबल `utf8mb4` मध्येच बनव, नाहीतर "रावेर"च्या जागी प्रश्नचिन्हं येतील. कोणी २१०० लिहील, कोणी 2100. दोन्ही चालायला हवेत, साठवताना आकडा एकच.

*मयूर (फ्रंटएंड):* रिॲक्ट. तुषारची वाट बघत बसू नकोस, खालचा नमुना फाइलमध्ये टाकून सुरू कर. दोघांनी हाच साचा धरायचा, नाव बदलायचं तर आधी ग्रुपवर विचारायचं:

```
GET /api/rates?mandi=raver

{"date":"2026-01-10","declared":1800,"received":1600}
```

मी (दीपाली) टेस्टिंग, रिपोर्ट आणि `main` मध्ये मर्ज. थेट `main` वर कोणी पुश करायचं नाही. मयूर, तुलाच म्हणतेय.

शनिवारी ४ वाजता लॅबमध्ये. दाखवायचं म्हणजे चालवून दाखवायचं, "माझ्या लॅपटॉपवर झालंय" धरणार नाही.

*१० जाने.:* गौरीचे तिन्ही स्क्रीन, तुषारचं टेबल, मयूरचं नमुन्यावर चालणारं पहिलं पान.
*१७ जाने.:* भाव नोंदवला की डेटाबेसमध्ये दिसला पाहिजे. मध्ये संक्रांत आहे, तिळगूळ खा पण बुधवारचा दिवसच सोडा.
*२४ जाने.:* फ्रंटएंड-बॅकएंड जोडणी पूर्ण. सगळ्यात अवघड आठवडा हाच. सीओआरएसची एरर येणारच, त्यामुळे मयूर-तुषार गुरुवारीच एकत्र बसा. यानंतर नवीन फीचर बंद.
*३१ जाने.:* साइट मामांच्या फोनवर. आपण शेजारी उभं राहून काही सांगायचं नाही, ते अडखळतील तिथे दुरुस्ती.

कोणी अडकलं तर शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा, काम वाटून घेऊ. गावाला लाइट नसेल तर तेही आधी कळवा, शनिवारी सकाळी नाही.

३१ ला मामांच्या मळ्यातच भरीत आहे. वांगी त्यांची, कळण्याच्या पुऱ्या गौरीच्या घरून. वाचलं असेल तर आपलं नाव लिहून "ओके" टाका, नुसता अंगठा नको.