बदाम सात

सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात सईची गोष्टीची पुस्तकं वाचून संपली. मग आजीनं कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला आणि चटईवर बसकण मारली.

"बदाम सात येतं का तुला?"

"नाही."

"मग सुट्टीत केलंस काय इतकी वर्षं?"

आजोबा खुर्चीत पेपर वाचत होते. ते पेपराआडूनच म्हणाले, "सई, जपून हं. हिच्याशी पत्ते खेळायला आमच्या घरात कुणी बसत नाही."

"त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस," आजी म्हणाली आणि पानं पिसायला लागली. पिसताना तिची बोटं दिसत नव्हती, नुसता फर्रर्र आवाज यायचा.

खेळ सोपा होता. बदामाची सत्ती ज्याच्याकडे, त्यानं ती टाकून सुरुवात करायची. तिच्या एका बाजूला छक्की, पंजी असं एक्क्यापर्यंत उतरायचं, दुसऱ्या बाजूला अठ्ठी, नव्वी असं राजापर्यंत चढायचं. इस्पिक, किलवर, चौकट यांचंही तसंच, पण आधी त्यांची सत्ती पडायला हवी. पान लागत असेल तर टाकायचंच, नसेल तर 'पास' म्हणायचं. ज्याची पानं आधी संपतील तो सुटला.

"लागत असताना पास म्हटलं तर?" सईनं विचारलं.

"तर ती लबाडी," आजी म्हणाली.

दोघीच असल्यामुळे प्रत्येकीला सव्वीस पानं आली. सईच्या हातात ती मावेनात. पंखा करायला गेली की मधूनच एखादी राणी निसटून पडायची आणि आजी आढ्याकडे बघत "मी काही बघितलं नाही" म्हणायची. शेवटी सईनं उशी उभी केली आणि तिच्यामागे जमिनीवर पानं मांडली. चार रांगा, एकेका रंगाची एकेक.

पहिला डाव सई जिंकली, दुसराही. तिसऱ्या डावात आजीनं इतक्या वेळा पास म्हटलं की आजोबांनी पेपर खाली केला, आजीच्या हातातल्या पानांकडे एक नजर टाकली आणि पुन्हा वर केला. पेपर जरा हलत होता.

पुढचे काही दिवस असेच गेले. सई जिंकायची, आजी कपाळावर हात मारायची, "काय बाई पोरगी आहे" म्हणायची. सईनं फोनवर आईला सांगितलं की आजीला पत्ते फारसे येत नाहीत, पण ती शिकवते छान.

शिकवत मात्र ती खरंच छान होती. "सत्ती हातात आली म्हणजे लगेच टाकायची घाई करू नये. तुझ्याकडे त्या रंगाची बाकी पानं नसतील तर ती टाकून तू कुणाची वाट मोकळी करतेस? माझी. मग माझी वाट कशाला मोकळी करायची? दुसरं काही लागत असेल तर ते टाक. सत्ती धरून ठेव, मला ताटकळू दे." हे सगळं सांगून आजी पुढच्याच खेपेला स्वतःची इस्पिक सत्ती खुशाल टाकून मोकळी व्हायची. सईला ते विचित्र वाटायचं. पण जिंकणाऱ्याला फार प्रश्न पडत नाहीत.

मग एकदा सईनं उशीमागची मांडणी बदलली. पानं एकमेकांना चिकटवून न ठेवता तिनं मधे जागा सोडली. दुर्री होती, तिर्री नव्हती, तर तिर्रीएवढी रिकामी जागा. राणी नव्हती, तर राणीएवढी. दिसायला छान दिसत होतं, एवढंच कारण. डाव निम्म्यावर आला. खाली किलवरची छक्की पडलेली होती.

"पास," आजी म्हणाली.

सईनं उशीमागे पाहिलं. छक्कीच्या पुढची जागा, किलवर पंजीची, रिकामी होती. पंजी खालीही नव्हती. तिनं पुन्हा पाहिलं. मग सगळ्या रिकाम्या जागा एकेक करून पाहिल्या, आणि तिचे कान लाल झाले.

"आजी, किलवर पंजी टाक."

"कुठली?"

"तुझ्याकडची. माझ्याकडे नाही, खाली नाही, मग जाणार कुठे?"

आजीनं चष्मा वर केला, हातातली पानं चाळल्यासारखं केलं. "अगंबाई, ही बघ, इस्पिकच्या मागे लपली होती."

"आणि काल? आणि परवा?"

आजोबांनी पेपराची घडी घालून ठेवली. आता तो वाचण्यात अर्थ नव्हता.

"लागत असताना पास म्हटलं तर लबाडी, असं तूच सांगितलंस," सई म्हणाली. "मी आईला सांगितलं मी जिंकले म्हणून! आता खरं खेळ."

"खरं?" आजीनं विचारलं. "बघ हं."

त्या दुपारी सई सगळे डाव हरली. आजी पान टाकायची ती टप् आवाज करून. एकाच अठ्ठीवाचून सईची अख्खी रांग उशीमागे अडकून पडायची आणि ती अठ्ठी आजीच्या हातात शेवटपर्यंत गुपचूप बसून असायची. सई हरली की काही बोलायची नाही, पानं गोळा करून आजीपुढे सरकवायची. "वाट."

दुसऱ्या दिवशी आजीला राहवलं नाही. तिनं पुन्हा हरायला सुरुवात केली, पण आता पास न म्हणता. दोन पानं लागत असली की नको ते टाकायचं. एकदा चौकटीची सत्ती, एकदा इस्पिक अठ्ठी, जरा विचार केल्यासारखं दाखवून. हे जिंकण्यापेक्षा अवघड काम होतं, कारण समोर रिकाम्या जागा मोजणारी पोरगी बसली होती. सईनं प्रत्येक पास तपासला, एकही खोटा निघाला नाही. दोन डाव ती जिंकली आणि घरभर नाचून आली.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी मात्र डाव वेगळाच पडला.

आजीनं किलवरची अठ्ठी दाबून धरली होती. सईकडे त्यापुढची नव्वी ते राजा पाचही पानं खोळंबलेली. सईनं चौकटीची छक्की धरली होती, आणि आजीकडे तिच्याखालची पंजी ते एक्का तशीच पाच. आता ज्याची सुटी पानं आधी संपतील त्याला धरलेलं पान सोडावं लागणार. आजीनं इस्पिक राणी टाकली. सईनं बदामाची तिर्री. आजीनं इस्पिक राजा. सईनं बदामाची दुर्री. आजीनं हातात पाहिलं. मग सईकडे पाहिलं. सई उशीमागे बोट ठेवून बसली होती, बदामाच्या एक्क्यावर.

"टाक ना," सई म्हणाली. "अठ्ठी."

आजीनं अठ्ठी टाकली. त्यानंतर ती पास, पास म्हणत राहिली, आणि या वेळी दुसरं काही म्हणण्याजोगं तिच्याकडे नव्हतंच. सईनं किलवर राजापर्यंत नेला, एक्का टाकला आणि शेवटी चौकटीची छक्की अलगद खाली ठेवली.

रात्री आजोबा दिवा मालवता मालवता म्हणाले, "आज फारच सफाईनं हरलीस."

"हरले," आजी म्हणाली.

"तेच म्हणतोय."

"अहो, खरंच हरले!"

"हो, हो," म्हणत आजोबा कुशीवर वळले. ते हसताहेत हे आजीला त्यांच्या पाठीवरून कळलं.

थोडा वेळ ती तशीच पडून राहिली. मग उठली, बाहेरच्या खोलीत दिवा लावून पानं आठवतील तशी मांडली. बदामाची चव्वी. तीच टाकली नसती तर सईला तिर्री, दुर्री, एक्का अशी तीन सुटी पानं मिळालीच नसती. आणि तेव्हा इस्पिकची दश्शी लागत होती की! ती टाकायची सोडून चव्वी का टाकली?

ती सईच्या अंथरुणाशी गेली.

"झोपलीस का गं?"

"नाही."

"ऊठ. एक डाव."

सई उशी घेऊनच उठली. "पण खोटं पास म्हणायचं नाही."

"आता कशाला म्हणेन?" आजी म्हणाली आणि पानं पिसायला बसली.