परमेश्वर तुझ्याकडे काय मागतो?

हंगामाच्या सणाची उपासना. शास्त्रपाठ: मीखा, अध्याय ६, वचने १ ते ८

ऐका, परमेश्वर काय म्हणतो ते: ऊठ, पर्वतांपुढे आपली बाजू मांड, टेकड्यांना तुझा आवाज ऐकू दे. पर्वतांनो, पृथ्वीच्या अढळ पायांनो, परमेश्वराची फिर्याद ऐका. त्याचा आपल्या लोकांशी वाद आहे, इस्राएलाशी त्याला निवाडा करायचा आहे.

"माझ्या लोकांनो, मी तुमचं काय वाईट केलं? तुम्हांला कशाने थकवलं? माझ्यासमोर सांगा. मी तुम्हांला मिसर देशातून वर आणलं, दास्यगृहातून सोडवलं. मोशे, अहरोन आणि मिर्याम यांना तुमच्या पुढे पाठवलं. माझ्या लोकांनो, मवाबाचा राजा बालाक याने काय घाट घातला होता आणि बौराचा मुलगा बलाम याने त्याला काय उत्तर दिलं ते आठवा. शिट्टीमपासून गिलगालपर्यंत काय घडलं ते आठवा, म्हणजे परमेश्वराने तुमच्यासाठी काय काय केलं ते तुम्हांला कळेल."

"मी काय घेऊन परमेश्वरासमोर येऊ? परात्पर देवापुढे कशाने नमू? होमबली घेऊन, वर्षभराची वासरं घेऊन येऊ? हजारो मेंढ्यांनी, तेलाच्या दहा हजार नद्यांनी परमेश्वर संतोषेल का? माझ्या अपराधासाठी माझा पहिला मुलगा देऊ? माझ्या जिवाच्या पापासाठी माझ्या पोटचं फळ देऊ?"

"माणसा, चांगलं काय ते त्याने तुला सांगितलं आहे. परमेश्वर तुझ्याकडे दुसरं काय मागतो? न्यायाने वागावंस, दयेवर प्रेम करावंस आणि आपल्या देवाबरोबर नम्रपणे चालावंस."

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

आज वेदीपुढे जागा उरलेली नाही. बाजरीची पोती, उसाच्या मोळ्या, भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, आणि मघापासून मध्ये मध्ये ओरडणारे ते दोन कोंबडे. उपासनेनंतर लिलाव होईल, आणि आपली मंडळी दरवर्षी हौसेने बोली चढवते. मला या सणाचा फार आनंद आहे. म्हणूनच पाळकसाहेबांनी मला आज बोलायला सांगितलं तेव्हा मी हाच पाठ निवडला. कारण इथेही एक माणूस देवापुढे काहीतरी घेऊन उभा आहे आणि विचारतो आहे, किती देऊ?

मीखा हा आपल्यासारखाच खेड्यातला माणूस. त्याचं गाव मोरेशेथ, यरुशलेमच्या नैऋत्येला, डोंगर उतरून पलिष्ट्यांच्या सपाटीकडे जाताना मधल्या टेकड्यांचा जो पट्टा लागतो तिथलं. शेतीभातीचा मुलूख. योथाम, आहाज आणि हिज्कीया या यहूदाच्या राजांच्या काळात, ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात, तो बोलला. यशया त्याच काळात यरुशलेमात बोलत होता. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेचं शोमरोन अश्शूरी फौजांपुढे पडलं. ७०१ मध्ये सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची ४६ शहरं घेतल्याचं त्याने स्वतःच कोरून ठेवलं आहे. त्यातलं मोठं लाखीश, मीखाच्या गावाजवळचं. लाखीशचा वेढा, बैलगाडीत सामान भरून हाकलली जाणारी माणसं, हे सगळं सन्हेरीबाने निनवेतल्या आपल्या महालाच्या भिंतींवर कोरवून घेतलं. ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

पण मीखाला अश्शूरच्या फौजेपेक्षाही आपल्याच लोकांचा संताप जास्त आहे. दुसरा अध्याय काढून बघा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बेत करतात आणि उजाडताच तो पार पाडतात, कारण त्यांच्या हातात बळ असतं. शेतांचा लोभ धरतात आणि ती बळकावतात. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, पुढारी लाच घेऊन न्याय करतात, याजक मजुरी घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसे घेऊन भविष्य सांगतात, आणि वर म्हणतात, परमेश्वर आमच्यात आहे, आमच्यावर काही अरिष्ट येणार नाही. आपल्या आठव्या वचनानंतर लगेच, त्याच अध्यायात, खोटा तराजू आणि खोट्या वजनांची पिशवी आहे. आपल्याकडे म्हणतात ना, मापात पाप. मीखा अगदी तेच बोलतो आहे.

म्हणून हा खटला. साक्षीला पर्वत बोलावले आहेत, कारण गावची सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं त्यांनीच पाहिली आहेत. आपल्याला वाटतं, आता आरोपपत्र वाचलं जाईल. पण फिर्यादी उभा राहतो आणि त्याच्या गळ्यात आवंढा आहे. "माझ्या लोकांनो, मी तुमचं काय वाईट केलं?" दोनदा म्हणतो, माझ्या लोकांनो. मूळ इब्री भाषेत इथे शब्दांचा एक खेळ आहे. "हेलएतीखा" म्हणजे मी तुला थकवलं. "हेएलितीखा" म्हणजे मी तुला वर आणलं. कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच. तू म्हणतोस मी थकवलं, अरे, मी तर तुला उचलून वर आणलं. मुलाने उलट उत्तर दिल्यावर आई असंच बोलते.

आणि मग तो वाट आठवायला सांगतो. शिट्टीम म्हणजे यार्देनेच्या पूर्वेचा शेवटचा तळ, गिलगाल म्हणजे पलीकडचा पहिला. मध्ये नदी. "शिट्टीमपासून गिलगालपर्यंत" एवढंच तो म्हणतो, कारण नदी कशी ओलांडली ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं. ही वाट लक्षात असू द्या. आठव्या वचनातल्या "चाल" या शब्दापाशी ती पुन्हा येणार आहे.

आता तो माणूस बोलतो. मला त्याची दया येते. त्याला देव माहीत आहे, पण देवाशी बोलायची त्याला एकच रीत ठाऊक आहे, नवसाची. वासरू देऊ? नको? हजार मेंढे? तेही नको? तेलाच्या नद्या? बोली चढत जाते, अगदी लिलावासारखी, आणि शेवटी तो पोटच्या मुलापर्यंत पोचतो. ही नुसती अलंकारिक भाषा समजू नका. मीखाच्याच काळातल्या आहाज राजाने आपल्या मुलाला अग्नीतून चालवलं असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलं आहे. देवाला जितकं महाग तितकं आवडतं, असं एकदा मनात बसलं की माणूस कुठे थांबेल याचा नेम नसतो.

आणि उत्तर येतं, "माणसा." इस्राएला नाही, यहूदा नाही. इब्रीत "आदाम", माणूस. तुला आधीच सांगितलं आहे. तुला ठाऊक आहे.

न्यायाने वागावंस. इब्रीत "मिश्पात". त्या काळी निवाडा गावाच्या वेशीत व्हायचा, आपल्या चावडीसारखा. वडीलधारे बसायचे, विधवा उभी राहायची, परका उभा राहायचा. मिश्पात म्हणजे तिचं तिला देणं. आणि इथे "न्यायाला मान दे" असं म्हटलेलं नाही, "कर" असं म्हटलं आहे.

मी आज माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एका विधवा मावशींचं शेत होतं. दर नांगरटीला आमच्याकडून बांध थोडा थोडा कोरला जायचा. एखादं तास, कधी दोन तास. वर्षांनी हिशेब काढला तर चार गुंठे. त्याच काळात हंगामाच्या सणाला सगळ्यात मोठं पोतं माझे वडील आणायचे, आणि मी लहानपणी ते पोतं अभिमानाने ढकलत इथवर आणायचो. त्या पोत्यात मावशींच्या शेतातली बाजरी होती हे मला कळायला फार वर्षं लागली. वडील म्हातारे झाल्यावर त्यांनी स्वतः फी भरून सरकारी मोजणी बोलावली. हद्दीचे दगड नव्याने रोवले गेले. मावशी तेव्हा हयात नव्हत्या. त्यांच्या मुलाच्या ताब्यात जमीन दिली. त्या वर्षी सणाला आमचं पोतं लहान होतं. वडील मागच्या बाकावर बसले आणि उपासनाभर त्यांनी मान वर केली नाही.

दयेवर प्रेम करावंस. इथला शब्द "हेसेद". आपण "दया" म्हणतो तेव्हा एक वर असतो, एक खाली असतो. वरचा खालच्याकडे पाहतो. हेसेद तसा नाही. मिठाला जागणं, नात्याला जागणं, दिलेला शब्द धरून ठेवणं, आणि समोरच्याकडून काही येणार नाही हे दिसत असतानाही धरून ठेवणं. रूथने नामीला केलं तो हेसेद. ती परत जाऊ शकत होती. नामीनेच तिला जा म्हटलं होतं. आणि वचन म्हणतं, हे नुसतं करू नको, यावर प्रेम कर. आजारी सासूचं अंथरूण बदलताना कपाळाला आठी असेल तर काम होतं, पण म्हातारीला आठी दिसते.

तिसरं, देवाबरोबर नम्रपणे चाल. "हात्स्नेआ" हे रूप जुन्या करारात याच एका ठिकाणी आलं आहे. त्यात नम्रता आहे, आणि मर्यादा, जपून वागणंही आहे. गाजावाजा न करता. जुन्या यहूदी गुरूंनी तालमूदमध्ये याचा अर्थ लावताना मयतीला खांदा देणं आणि वधूला मांडवापर्यंत पोचवणं ही उदाहरणं दिली. मला ते फार आवडतं. मयतीच्या घरी आपण कुणाचं नाव व्हावं म्हणून जात नाही.

तालमूदमध्येच असंही सांगितलं आहे की मोशेला ६१३ आज्ञा दिल्या गेल्या, आणि मीखाने त्या या तिघांवर आणून ठेवल्या. आपल्याच कोकणात, अलिबागच्या बाजूला शतकानुशतकं मराठी बोलत आलेले बेने इस्राएल लोक आहेत. त्यांच्या प्रार्थनेच्या पाठक्रमात बालाकाची गोष्ट वाचतात त्या शब्बाथाला, आषाढाच्या आसपास, मीखाचा हाच भाग येतो आणि याच वचनावर थांबतो.

आता ती वाट आठवा. शिट्टीमपासून गिलगालपर्यंत देव त्यांच्याबरोबर चालला. आधी तो चालला. त्याने सोडवलं, नदी पार केली, आणि आता म्हणतो, माझ्याबरोबर चाल. म्हणून हे तीन शब्द म्हणजे देवाला खूश करण्याची नवी, स्वस्त किंमत नाही. सोडवलेल्या माणसाची ती चाल आहे. प्रभू येशूने परूश्यांना सांगितलं, तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता, आणि न्याय, दया, विश्वास या भारी गोष्टी सोडता. आणि लगेच म्हणाला, ह्या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. तेव्हा पोती घरी घेऊन जा असं मी सांगत नाही. पोतं राहू द्या. पण ज्याचा बांध आपल्या बाजूला सरकला आहे, ज्या ऊसतोड कामगाराची उचल आपण हिशेबात दोनदा धरली आहे, ज्या भावाशी वाटणीवरून बोलणं बंद आहे, तो आत्ता कदाचित याच छताखाली बसला आहे. लिलाव थोडा उशिरा सुरू झाला तरी चालेल. त्याच्या बाकापर्यंत जाऊन या.

आपण उभे राहून प्रार्थना करू.

हे परमेश्वरा, तू आम्हांला थकवलं नाहीस, तू आम्हांला वर आणलंस. आमच्या वजनाच्या पिशव्या तू पाहिल्या आहेस, आमचे बांधही पाहिले आहेस. मीखाला मोरेशेथच्या शेतांतून बोलवलंस, तसं आमच्या या शेतांतून आमच्याशी बोल. आज जो कुणाच्या दारी जायला निघेल त्याच्या पायांत बळ दे, आणि ज्याच्या दारी तो जाईल त्याला दार उघडायचं मन दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.