गड्डा यात्रा स्टॉल : ग्राहकांच्या उत्तरांची वयोगटानुसार मोजणी

(गटाच्या बैठकीसाठी टिपण. ताई, तक्ता सगळ्यांना वाचून दाखवाल. सूत्रांचा भाग हिशेबाचं काम पुढे बघणारीसाठी आहे, बाकीच्यांनी तो सोडून दिला तरी चालेल.)

होम मैदानावरच्या आपल्या स्टॉलवर फॉर्म भरून घेतले, त्यांची शीट आता साफ झाली आहे. एकूण १२६ ओळी होत्या. चार जणांनी बटण दोनदा दाबलं होतं आणि दोघांनी वयच लिहिलं नव्हतं. त्या सहा ओळी काढून उरलेल्या १२० माणसांची ही मोजणी आहे. प्रश्न होता, "आज काय काय घेतलं? लागू असेल ते सगळं निवडा."

| वस्तू | १८ ते ३० (४५ जण) | ३१ ते ४५ (३८) | ४६ ते ६० (२५) | ६० पुढे (१२) | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| शेंगा चटणी | ३८ | ३० | १८ | ६ | ९२ |
| कडक भाकरी | २७ | १९ | ९ | २ | ५७ |
| धपाटे | १९ | १७ | ८ | ४ | ४८ |
| भाकरी | ९ | १४ | १३ | ८ | ४४ |
| जवस, कारळ चटणी | ६ | १५ | १४ | ५ | ४० |

एकूण खुणा २८१ आणि माणसं १२०. एकाने तीन वस्तू घेतल्या तर त्याच्या तीन खुणा पडतात, त्यामुळे टक्के काढताना भागायचं ते त्या गटातल्या माणसांनी, खुणांनी नाही. उभ्या रकान्यातल्या टक्क्यांची बेरीज शंभरच्या वर जाणार, त्यात चूक काही नाही.

शेंगा चटणीबद्दल सांगण्यासारखं नवीन काही नाही, ती सगळ्यांनाच हवी असते. बघायचं ते भाकरीच्या दोन ओळींकडे. कडक भाकरी तरुणांत ६० टक्के, मधल्या गटात ५० आणि ४६ ते ६० मध्ये ३६. ताजी भाकरी बरोबर उलटी: २०, ३७, ५२. कडक भाकरी घेणाऱ्या २७ तरुणांपैकी १६ जणांनी पुढच्या प्रश्नात "सोलापूरबाहेर नेणार" असं निवडलं आहे. म्हणजे ही भाकरी पुण्याच्या होस्टेलवर, नोकरीच्या गावी चालली आहे. टिकते म्हणून घेतात. वयस्कर माणसं दातांमुळे घेत नसतील असं आपण स्टॉलवर म्हणत होतो, पण दातांचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, तेव्हा तो आपला अंदाजच समजा.

जवस-कारळ चटणी ४६ ते ६० मध्ये ५६ टक्के आणि तिशीच्या आत १३ टक्के. तरुणांना ती आवडत नाही असं यावरून म्हणता येणार नाही. आपण तिचा नमुना चाखायला ठेवलाच नव्हता. ज्यांना घरून माहीत होती त्यांनी घेतली.

साठीपुढच्या गटाचे टक्के मी मुद्दाम काढले नाहीत. १२ माणसांत एक इकडचा तिकडे झाला की आठ टक्के हलतात. शिवाय अक्षता सोहळ्याच्या दिवशी गर्दीत कागदी फॉर्म बाजूला पडले आणि फक्त क्यूआर कोड चालू राहिला, त्यामुळे मोबाईल हाताळणारेच जास्त आले. आपली गिऱ्हाइकं खरोखर इतकी तरुण आहेत असं धरू नका.

आता मोजणी कशी केली ते.

फॉर्ममधून आलेल्या एका माणसाच्या सगळ्या खुणा एकाच घरात बसतात, अशा: `शेंगा चटणी, जवस, कारळ चटणी, कडक भाकरी`. सहज सुचणारा उपाय म्हणजे नाव शोधून मोजणं:

```
=COUNTIF(C2:C121,"*भाकरी*")
```

याचं उत्तर ८३ येतं. कारण "कडक भाकरी" मध्येही "भाकरी" आहेच. हा आकडा कडक किंवा ताजी, यांपैकी काहीतरी घेतलेल्यांचा आहे, ताज्या भाकरीचा नव्हे. तो ताज्या भाकरीचा म्हणून धरला असता तर पुढच्या वर्षी दुप्पट पीठ भिजवून बसलो असतो.

दुसरा मार्ग घर फोडण्याचा. `=SPLIT(C2,", ")` लिहिलं की गूगल शीट स्वल्पविरामावरही तोडतं आणि मोकळ्या जागेवरही. "शेंगा" एका घरात, "चटणी" दुसऱ्या घरात. शेवटी FALSE लावलं की मोकळ्या जागेचा त्रास जातो, पण "जवस, कारळ चटणी" या नावातच स्वल्पविराम असल्याने तिचे दोन तुकडे होतातच आणि २८१ खुणांच्या ३२१ होतात. फॉर्म करताना हे नाव असं लिहायलाच नको होतं.

म्हणून न फोडता मोजलं. घराच्या दोन्ही टोकांना स्वल्पविराम चिकटवायचा आणि वस्तूचं नावही दोन स्वल्पविरामांमध्ये धरून शोधायचं. मग "भाकरी" फक्त सुटी असेल तेव्हाच सापडते आणि जवस-कारळ अख्खी सापडते. वस्तूंची नावं H मध्ये, वयोगट दुसऱ्या ओळीत:

```
=SUMPRODUCT(($D$2:$D$121=I$2)*
ISNUMBER(FIND(", "&$H3&", ",", "&$C$2:$C$121&", ")))
```

हे सूत्र अक्षराला अक्षर बघतं. कागदी फॉर्म आपण हाताने शीटमध्ये चढवले, त्यात कुठे "शेंगाचटणी" जोडून होतं, कुठे स्वल्पविरामानंतर जागाच नव्हती. ते आधी शोधा-बदला करून एकसारखं केलं. "इतर" मध्ये लोकांनी लिहिलेलं हुरडा, शेंगापोळी वगैरे या मोजणीत येत नाही. ते वेगळं वाचायला ठेवलं आहे, शेंगापोळीची मागणी आहे खरी.

वयाचं मात्र बारकाईने बघा. वय आपण मोकळ्या रकान्यात लिहायला सांगितलं, तर कोणी "४२ वर्षे" लिहिलं, कोणी "पन्नाशी". नुसतं B2<=30, B2<=45 असं विचारत गेलं की रिकामं घर शून्य धरलं जाऊन सगळ्यांत लहान गटात पडतं, आणि अक्षरं कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी धरली जात असल्याने "४२ वर्षे" वाला थेट साठीपुढे जाऊन बसतो. शीट चूक दाखवत नाही, तक्ता गुपचूप बिघडतो. म्हणून आधी आकडा आहे का ते विचारायचं:

```
=IF(ISNUMBER(B2),IFS(B2<=30,"१८ ते ३०",
B2<=45,"३१ ते ४५",B2<=60,"४६ ते ६०",
B2>60,"६० पुढे"),"तपासा")
```

"तपासा" आलेल्या ओळी हाताने दुरुस्त केल्या. पन्नाशीवाले ४६ ते ६० मध्ये घेतले आहेत.

बैठकीत ठरवायचं ते एवढंच. कडक भाकरीचं पाकीट प्रवासाला नेता येईल असं लहान आणि घट्ट करायचं का. ताज्या भाकरीसाठी चूल पुढच्या बाजूला घ्यायची का, कारण ती घेणारे रांगेत फार वेळ उभे राहू शकत नाहीत असं तिथे बसलेल्या मावशी सांगतात. आणि जवस-कारळचा नमुना चाखायला ठेवायचा. याला कोणाची हरकत नसावी, खर्च एका वाटीचा आहे.

पुढच्या फॉर्ममध्ये वयोगट निवडायला देते, चटणीचं नाव "जवस कारळ चटणी" करते, आणि कागदी फॉर्मसाठी एकीला दिवसभर मोकळं ठेवावं लागेल, तिचं नाव बैठकीतच ठरवा.