५०० किलोची हलती गॅन्ट्री: शुक्रवारच्या सादरीकरणासाठी प्रश्न

तुमचा रिपोर्ट दोनदा वाचला. पॅनेलमध्ये मीही असणार आहे, पण प्रश्न आत्ताच हातात देतोय. ऐनवेळी कोंडीत पकडण्यात मला रस नाही. गणित माझंही करून ठेवलंय, तेव्हा "सर, ते सॉफ्टवेअरने दिलं" हे उत्तर चालणार नाही. बीमचं गणित ज्याने केलं त्याला कॅस्टरचे प्रश्न जातील आणि कॅस्टरवाल्याला बीमचे. चौघांनीही सगळं वाचून या.

मर्यादा

१. ५०० किलो हा आकडा आला कुठून? तुमच्याच यादीत सगळ्यात जड मोटर ३८० किलोची आहे. म्हणजे गणित सुरू होण्याआधीच १.३ पट जागा ठेवलीत. त्यावर १.२५ चा डायनॅमिक फॅक्टर, त्यावर बीमचा सेफ्टी फॅक्टर ५. खऱ्या मोटरच्या हिशोबाने बीमवर आठपट मार्जिन झालं. हे ठरवून केलंत, की प्रत्येकाने आपापल्या पानावर थोडं थोडं वाढवत नेलं?

२. "दोन माणसांना उचलून नेता आलं पाहिजे" ही अट स्लाइड ३ वर ठळक अक्षरांत आहे. स्पॅन ३ मीटर आहे, पण बीमची कापलेली लांबी ३.४ मीटर. १५० चा बीम मीटरला साधारण १४.९ किलो, म्हणजे जवळपास ५१ किलो. माणशी साडेपंचवीस. नायोशच्या सूत्रात सगळी परिस्थिती आदर्श असतानाही मर्यादा २३ किलोची आहे, आणि ओझं अंगाजवळ धरलेलं असेल तरच. तुम्ही वजन ३ मीटरने गुणलंत, म्हणून ते २२.४ आलं आणि अट पाळल्यासारखी दिसली. आता काय करणार? अट बदलणार, बीम बदलणार, की तिसरा माणूस घेणार? तिन्ही उत्तरं चालतील. "थोडासाच फरक आहे" हे चालणार नाही.

३. हुकची उंची. या प्रश्नावर मी वेळ घालवणार आहे, कारण रिपोर्टमध्ये याला एकच ओळ मिळालीय. बीमची खालची कड २.३५ मीटरवर. ट्रॉली आणि चेन ब्लॉक पूर्ण वर ओढल्यावरही ०.४५ मीटर खातात, हुक १.९ वर आला. स्लिंगचे ०.६ गेले, मोटरची उंची ०.७ गेली. मोटरचा तळ जमिनीपासून ०.६ मीटरवर. फाउंडेशन ०.५५ चं आहे. उरले पाच सेंटिमीटर, आणि फाउंडेशन बोल्टचे दांडे वर किती आलेत ते कुठेच लिहिलेलं नाही. यावर तुम्ही म्हणाल, स्लिंग आखूड करू. मग कोन काय होईल? दोन पायांच्या स्लिंगमध्ये आडव्या रेषेशी कोन ६० अंश असताना प्रत्येक पायावर भाराच्या ०.५८ पट ताण येतो. तोच कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक पाय अख्ख्या भाराएवढा ताणला जातो. फळ्यावर त्रिकोण काढून दाखवायचा.

४. दाराची रुंदी, वीज नसणं, जमिनीतले सांधे. या तिन्हींपैकी कुठली अट ग्राहकाने दिली, आणि कुठली तुम्ही धरून चाललात? एका वाक्यात सांगा.

सेफ्टी मार्जिन

५. स्लाइड ९ वर मोठ्या अक्षरांत "सेफ्टी फॅक्टर = ५" लिहिलंय. कशाचा? बीमच्या बेंडिंगचा. ५२० किलो (चेन ब्लॉक धरून), १.२५ पट, मधोमध, स्ट्रेस ४९ मेगापास्कल, यील्ड २५०. गणित बरोबर आहे, मी तपासलंय. पण स्लाइडवर तो आकडा संपूर्ण गॅन्ट्रीचा असल्यासारखा दिसतो. पूर्ण तक्ता करून आणा: बीम, खालचा फ्लॅंज, जोड, पाय, कॅस्टर, उलटणं. शेवटच्या रकान्यात सगळ्यात लहान आकडा कुठला ते लाल शाईने.

६. खालचा फ्लॅंज मुद्दाम वेगळा लिहिलाय. ट्रॉलीची चार चाकं फ्लॅंजच्या कडेवर प्रत्येकी सुमारे १६०० न्यूटन देतात आणि कड खाली वाकवतात. हे पूर्ण बीमच्या बेंडिंगपेक्षा वेगळं आहे. ट्रॉलीच्या बीमचा आकार कधी कधी यावरच ठरतो. तपासलंय का?

७. आता कॅस्टर. तुमचा हिशोब: एकूण ६६० किलो, चार चाकं, प्रत्येकी १६५. कॅस्टर ३५० किलोचा, म्हणून मार्जिन २.१. ट्रॉली कायम मधोमध उभी राहते असं कुणी सांगितलं? स्टॉपर पायापासून ०.३ मीटरवर आहे. ट्रॉली तिथे नेली की त्या पायावरच्या दोन चाकांवर प्रत्येकी २७० च्या आसपास येतात. मार्जिन १.३. आता मोटर थोडी बाजूला आहे म्हणून मुलं साखळी तिरकी ओढतील (ओढतातच, फलक लावून ती थांबत नाहीत). दहा अंश तिरकी ओढली तर एक चाक ४१५ च्या घरात जातं. रेटिंग ३५०. म्हणजे मार्जिन एकाच्या खाली. हा आकडा चुकला असेल तर मला खोडून दाखवा, खरंच आनंद होईल.

८. उलटण्याचंही तेच. तळाची रुंदी १.४ मीटर, बीम २.५ वर. दहा अंशांच्या तिरक्या ओढीत मार्जिन २ निघतं, वीस अंशांच्या आसपास गॅन्ट्री उलटते. तुम्ही फक्त भारित अवस्था पाहिलीत. रिकामी गॅन्ट्री १६० किलोची. चाकं अडलेली असताना १.८ मीटर उंचीवर आडवा ढकलायला किती जोर पुरतो? सुमारे ६२ किलो. दोन धडधाकट माणसं सहज लावतात. एका वर्कशॉपमध्ये मी रिकामी गॅन्ट्री ढकलताना पुढचं चाक जमिनीवरच्या केबलला अडलेलं पाहिलंय. मागचे दोघे जोर लावत राहिले, कारण पुढचं त्यांना दिसतच नव्हतं. पडली नाही, पण एका बाजूची दोन्ही चाकं हवेत गेली होती. ढकलायची जागा कुठे असावी हे ड्रॉइंगमध्ये दाखवलंय का? दांडा नाही, खूणही नाही.

९. पाय आणि बीमचा जोड. पहिल्या ड्रॉइंगमध्ये बीम पायाच्या डोक्यावरच्या प्लेटवर टेकतो, बोल्ट फक्त जागेवर धरतात. दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये बीमला एंड प्लेट आहे आणि ती पायाच्या बाजूला चार एम१६ बोल्टांनी लावलीय. जोडायला सोपं जावं म्हणून बदललं, असं लिहिलंय. मान्य. पण आता सगळा भार बोल्टांच्या शिअरवर आला. गणित मात्र पहिल्याच जोडाचं आहे. ८.८ चे एम१६ या भाराला भरपूर पुरतील हे मलाही दिसतंय. माझा प्रश्न वेगळा आहे: जोड बदलल्यावर पुन्हा कोणी पाहिलं? १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलचे टांगते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात एकच सलग सळई दोन्ही पुलांमधून जात होती. बांधायला सोपं म्हणून तिचे दोन तुकडे केले आणि वरच्या पुलाच्या नटखालच्या जोडावर दुप्पट भार आला. "सोपं जावं म्हणून" हे शब्द वाचले की मी थांबतो, ते त्यामुळे.

१०. साखळीच्या स्लिंगला डिझाइन फॅक्टर ४ धरतात, वायर रोपच्या स्लिंगला ५. तुम्ही नेमकी कुठली स्लिंग घेतलीत, आणि तो आकडा तुमच्या फॅक्टरशी पुन्हा गुणलात का? छोटा प्रश्न आहे, उत्तरही छोटं द्या.

खर्च

११. तुमची टक्केवारी: बीम आणि पाय ३८, चेन ब्लॉक-ट्रॉली २७, कॅस्टर १४, फॅब्रिकेशन १२, बोल्ट-प्लेट ६, रंग ३. यात टेस्टिंग कुठे आहे? वेल्डिंग आपल्याच वर्कशॉपमध्ये फुकट झालं म्हणून फॅब्रिकेशन १२ वर बसलंय. उद्या बाहेर कोणी दुसरी बनवायला घेतली तर हा आकडा टिकेल?

१२. बीम १०० चा घेतला असता तर? स्ट्रेस ९३, फॅक्टर २.७. झोल ५.६ मिलिमीटर, तुमची मर्यादा स्पॅनचा पाचशेवा भाग, म्हणजे ६. बसतो. वजन ३.४ मीटरला ३९ किलो, माणशी वीसच्या आत. प्रश्न २ मधली अटही बसते. बीमचं स्टील जवळपास एक चतुर्थांश वाचतं. तो पैसा कॅस्टरमध्ये घातला असता तर? कॅस्टरचा खर्च दुप्पट धरला तरी एकूण खर्च १४ टक्क्यांनी वाढतो, त्यातून बीमची बचत वजा करा आणि निव्वळ आकडा सांगा. मात्र १०० चा बीम घेताना आडवं वळून बकल होणं आणि प्रश्न ६ मधला फ्लॅंज पुन्हा तपासावे लागतील. तिथे तो नापास झाला, तर तुमचा १५० चा निर्णय बरोबर ठरतो, आणि तेच कारण रिपोर्टमध्ये हवं होतं. आत्ता तिथे "अधिक सुरक्षित" एवढंच आहे.

नाकारलेले पर्याय

१३. निर्णय तक्ता. वजनं: हलवण्याची सोय ३०, सुरक्षितता २५, खर्च २५, वापरायला सोपं २०. गॅन्ट्रीला ७.५५, हायड्रॉलिक फ्लोअर क्रेनला ७.४५. सोयीचे पाच काढून सुरक्षिततेला द्या, दोघांनाही ७.५ पडतात. आणखी पाच दिले की क्रेन जिंकते. वजनं आधी ठरली की गॅन्ट्री आधी ठरली? खरं सांगितलंत तर गुण कापणार नाही.

१४. ॲल्युमिनियमचा बीम "महाग" या एका शब्दात उडवलात. वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे एकटा माणूस उचलेल. पण ताठरपणाही तेवढाच कमी. त्याच आकाराचा बीम २ ऐवजी साडेपाच मिलिमीटरच्या वर झोल देईल. शिवाय वेल्डजवळ ताकद बरीच उतरते, तेव्हा एंड प्लेट बोल्टनेच लावावी लागेल. यातलं कुठलं कारण तुम्हाला माहीत होतं?

१५. छताच्या ट्रसला मोनोरेल लटकवायचा पर्याय तुम्ही सोडलात, ते मला पटलं. ट्रसचा आराखडा हातात नसताना त्यावर भार टांगायचा नाही. हे कारण मात्र स्लाइडवर नाही, परिशिष्टात आहे. पुढे आणा.

१६. भिंतीवरचा जिब क्रेन का नको, ते भिंतीचं नाव न घेता सांगता येणार नाही. वीट की काँक्रीट?

शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला वेगळा विचारणार आहे: १.२५ पट, म्हणजे ६२५ किलो, टेस्टला टांगायचेत. वजन म्हणून काय वापरणार, जमिनीपासून किती वर उचलणार, ट्रॉली कुठे उभी करणार, आणि तुम्ही स्वतः कुठे उभे राहणार?